मसुराच्या फोटोबद्दल

प्रिय मुक्ता,

काल तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धवटच राहिलं होतं. "बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो" हे तुझं म्हणणं आईलाही पटलेलं दिसतं. म्हणून आज फक्त तू विचारलंस तेवढंच, म्हणजे तू पाठवलेल्या फोटोंतल्या मसुरात आणि पिठात कीड आहे का, एवढंच लिहायचं ठरवलं आहे. बघू जमतं का.

फोटो मोठा करून पाहिला. मसुराच्या दाण्यांवर जे पांढरे ठिपके आहेत, ती पिठाची धूळ नाही. ठिपके लांबट गोल आणि साधारण एकाच मापाचे आहेत, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. काही दाण्यांवर एक, काहींवर दोन-तीन. धूळ अशी बसत नाही, ती भेगेत साचते आणि बोटाने पुसली जाते. नखाने एक ठिपका खरवडून बघ. चिकटून बसला असेल तर ते कडधान्यातल्या भुंग्याचं अंडं आहे. डाव्या कोपऱ्यातल्या दाण्याला सुईने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोकही आहे. ते आत जायचं भोक नव्हे, बाहेर पडायचं आहे. तो भुंगा डब्यात तरी असेल नाहीतर तुमच्या कपाटात फिरत असेल. म्हणजे एवढ्यापुरतं माझं उत्तर ठाम आहे: हो, कीड आहे.

"पण हलताना एकही दिसत नाही" असं तू लिहिलंस. हा किडा सगळं लपूनच करतो. मादी दाण्यावर अंडं चिकटवते, अळी अंड्याखालूनच दाण्यात शिरते आणि आत खात वाढते. घरात तीस अंशांच्या आसपास उष्मा असेल तर तीन-चार आठवड्यांत भुंगा तयार होतो. बाहेर आलेला भुंगा दाणा खात नाही, एक-दोन आठवडे जगतो आणि पुढची अंडी घालतो. त्यामुळे चाळून चार भुंगे काढले की डबा स्वच्छ झाला असं नसतं. खरी वस्ती दाण्यांच्या आत असते. सालीखाली गोल काळसर डाग दिसला तर समज, आतला भुंगा आता बाहेर पडायच्या बेतात आहे.

पिठाच्या फोटोबद्दल मात्र मी काही सांगणार नाही. तपकिरी ठिपके दिसतात, पण कॅमेरा फार जवळ नेल्यामुळे सगळं पुसट आलं आहे. कोंडा असेल तर तुकडे वेडेवाकडे, पातळ, लहान-मोठे असतात. पिठातला तांबडा भुंगेरा असेल तर सगळे एका मापाचे, तीन-चार मिलिमीटर लांब, चपटे आणि दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. एक चमचा पीठ पांढऱ्या कागदावर पातळ पसर, शेजारी मोजपट्टी ठेव. फोन हातभर लांब धरून झूम कर, उजेड खिडकीकडून, बाजूने येऊ दे. एक फोटो काढ, कागद न हलवता दहा मिनिटांनी दुसरा काढ. धक्का बसला की असे किडे मेल्यासारखे पडून राहतात, म्हणून मध्ये थांबायचं. दोन फोटोंत ज्याची जागा बदलली तो कोंडा नाही. पिठाला गुलाबीसर छटा आणि उग्र वास आला असेल तर फोटोचीही गरज नाही, टाकून दे. मसुरातला भुंगा पिठात वाढत नाही, त्यामुळे एकात आहे म्हणून दुसऱ्यातही असेल असं धरू नकोस.

आता गोळ्या. तुझी मैत्रीण धान्यात ठेवायच्या ज्या गोळ्या आणणार होती, त्या घरात आणू देऊ नकोस. यांतल्या अनेक गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो बंद गोदामात, माणसं बाहेर काढून, प्रशिक्षित लोकांनी वापरायचा असतो. राहत्या घरात एका गोळीनेही जीव जाऊ शकतो, आणि या विषावर उतारा नाही. वास येतोच असं नाही. मी नोकरीभर गोदामांत हे काम पाहिलं आहे, मावशीकडे काय झालं तेही तुला ठाऊक आहे. ते इथे लिहीत नाही.

बघ, पुन्हा तेच झालं. भाषण देतोय. माफ कर. तुम्ही दोघी शिकलेल्या मुली आहात.

लहानपणी तू हेच भुंगे बशीत गोळा करायचीस, आठवतं? आई ओरडायची आणि तू मला ते लपवून ठेवायला द्यायचीस. माझ्या ऑफिसच्या भिंगातून तूच मला दाखवलंस की नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात. मी रोज धान्य तपासणारा माणूस, आणि मला ते तू दाखवलंस. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं मी. असो.

मसुराचं काय करायचं? एका काळ्या कागदावर शंभर दाणे मोजून घे आणि अंडं किंवा भोक असलेले बाजूला कर. दोन-चार निघाले तर वाचवता येतील. वीस-पंचवीस निघाले तर पिशवीत घट्ट बांधून बाहेर टाक, त्यावर वेळ घालवू नकोस. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे. वाचवायचे असतील तर लहान पिशव्यांत चपटे भरून फ्रीझरच्या कप्प्यात, उणे अठरा अंशांवर, चार दिवस ठेव. जाड गठ्ठा ठेवलास तर थंडी मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस, खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं. मग चाळ, भोकाचे दाणे निवड, धू आणि शिजव. अंडी मेली तरी दाण्यावर दिसत राहतील, त्याने घाबरू नकोस. आधी खाल्लेल्याची काळजीही करू नकोस, शिजवलेल्या अळीने सहसा काही होत नाही.

त्याच कपाटातली बाकीची अख्खी कडधान्यंही बघ. डबे गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळव, फळीच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ कर. फवारा नको, अन्नाच्या कपाटात कुठलाच नको.

आणि गोळ्या आधीच आणल्या असतील तर? बंद असतील तर उघडू नका, पाणी लागू देऊ नका, कचऱ्यात किंवा नळाखाली टाकू नका. परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याला बोलावून त्याच्या ताब्यात द्या. डब्यात ठेवल्या असतील तर हात लावू नका. जाता जाता हाताशी असतील त्या खिडक्या उघडा, दोघी बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा. मळमळ, छातीत दडपण किंवा चक्कर असेल तर थेट दवाखाना.

आई म्हणते, एवढं लांब लिहिण्याऐवजी फोन करा. पण फोनवर तू ऐकत नाहीस.

तुझा,
बाबा

ता. क. मैत्रिणीवर रागावू नकोस, तिने मदत म्हणूनच सुचवलं असेल. पाकिटावरचं औषधाचं नाव मला कळव, ते दुसरंच काही असेल तर मी गप्प बसेन.