तक्रार: क्वासी-आयसोट्रोपिक कार्बन प्लेट म्हणून सरळ यूडी प्लेट पाठवली

नमस्कार सर,

मागच्या महिन्यात तुमच्याकडून २ मिमी कार्बन फायबर प्लेट घेतली, बिलावर लेअप स्पष्ट लिहिलाय [0/45/90/-45]2s, म्हणजे १६ थर, चारही दिशांना चार-चार. त्यातून मी एक्स आकाराची ड्रोन फ्रेम एकसंध कापली आणि इथे ठाण्यात, कोलशेतच्या आमच्या शेडमध्ये दोरीला बांधून टेस्ट केली. मोटर जरा जोरात दिल्यावर समोरासमोरचे दोन आर्म मुळापाशीच तुटले, बाकीचे दोन टणक. पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकलं.

मग तुटलेली कड बघितली तर एकदम सपाट, फायबरचे केस कुठेच बाहेर नाहीत, म्हणजे फायबर तुटलेलेच नाहीत, मधलं रेझिन फाटलंय. उरलेल्या प्लेटमधून १५ मिमीच्या दोन पट्ट्या कापल्या, एक उभी एक आडवी. उभी वाकवता वाकवेना, आडवी बिस्किटासारखी हातात तुटली. बरोबर लेअप असता तर बाहेरचा थर ० चा असल्यामुळे थोडा फरक पडलाच असता, पण एवढा नाही! कड पॉलिश पेपरने घासून भिंगाखाली धरली, तर वेगवेगळ्या दिशांच्या थरांचे फिके-गडद पट्टे दिसायला हवेत, इथे सगळी एकच छटा. म्हणजे सोळाच्या सोळा थर ० चे. वरचा थर दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे घेताना कळणार तरी कसं?

तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं "कार्बन आहे, स्टीलपेक्षा स्ट्राँग असतं". अहो, ते फायबरच्या दिशेने. यूडी प्लेट लांबीत साधारण १५०० मेगापास्कल घेते, आडवी ५० च्या आसपास, कारण आडवा लोड नुसत्या रेझिनवर आणि त्याच्या चिकटण्यावर येतो. बांबू कोयत्याने उभा चिरतो की नाही सहज, तसंच. माझ्या एक्समध्ये दोन आर्म फायबरच्या दिशेत आले आणि दोन बरोबर काटकोनात, तुटले ते हेच. वाचलेल्या आर्मलाही मोटरच्या स्क्रूच्या भोकापासून उभी चीर गेलीये, तिथे ती अडवायला ९० किंवा ४५ चा थरच नाही.

सुटे आर्म बनवायचे असते तर मीच ० चे १० थर मागितले असते, पिळ घ्यायला ±४५ चे चार आणि भोकाभोवती फाटू नये म्हणून ९० चे दोन, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे, नाहीतर ओव्हनमधून निघून गार होताना प्लेट वाकडी होते. पण एकसंध फ्रेममध्ये आर्म दोन दिशांना जातात, म्हणून तर चारही दिशा सारख्या मागितल्या होत्या.

तर बिलाप्रमाणे नवीन प्लेट पाठवा, त्याच शीटच्या कडेचा घासलेला तुकडा सोबत द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. फ्रेम कापायला सीएनसीवाल्याला दिलेले पैसेही त्यात धरा, त्याची पावती आहे माझ्याकडे. तुटलेले आर्म आणि दोन्ही पट्ट्या जपून ठेवल्यात, कोणालातरी बघायला पाठवा.

बिलाचा फोटो सोबत जोडलाय.