ट्रॅक्टर भाड्याचा, पेरणी यंत्र गटाचं

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून आमच्या औसा भागात चार-पाच एकरवाले पण शोरूमला चकरा मारायला लागलेत, म्हणून हे पत्र.

पाच एकर कोरडवाहू, खरिपात सोयाबीन आणि मागून हरभरा, एवढ्याचाच हिशोब धरा. आमच्या गावच्या रेटने नांगरट, रोटा, दोन पेरण्या आणि मळणी धरून एकरी वर्षाला सहा-सात हजार भाडं जातं, म्हणजे पाच एकराला फार तर ३५ हजार. आता ६ लाखाचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर वर्षाचा हप्ता होतो १ लाख ६० हजार. भाडं वाचलं तरी सव्वा लाख दुसऱ्यांच्या शेतात ट्रॅक्टर फिरवून काढावे लागणार. रोट्याचे एकरी १३०० मिळाले तर डिझेल आणि ड्रायव्हर जाऊन हातात सहाशेच्या आसपास राहतात, म्हणजे दोनशे एकराच्यावर धंदा पाहिजे, टायर आणि सर्व्हिसिंग अजून धरलेलंच नाही. ज्या गावात आधीच दहा-बारा ट्रॅक्टर उभे आहेत तिथं हे दोनशे एकर आणायचे कुठून? ज्याला ऊस वाहतुकीचं नाहीतर असंच बारमाही काम बांधून मिळतं त्यानं जरूर घ्यावा, बाकीच्यांनी जमीन गहाण टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण भाड्याचं पण दुखणं आहे. पाऊस पडून वापसा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी पेरायचं असतं, आणि ड्रायव्हरला एकराप्रमाणे पैसे असल्यामुळं तो वरच्या गिअरमध्ये पळवतो, मग फण उड्या मारतात, कुठं बी वरच दिसतं तर कुठं खोल जातं. सोयाबीन पाच सेंटीमीटरच्या खाली गेलं की उगवण मार खाते. म्हणून पहिलं तास झालं की ट्रॅक्टर थांबवायचा आणि दोन-तीन जागी माती उकरून बी किती खोल पडलंय ते बोटानं बघायचं. उगवल्यावर कळून काही उपयोग नसतो, दुबार पेरणीचं बियाणं डोक्यावर बसतं.

तिसरा पर्याय गटाचा. इथं बऱ्याच जणांची गाडी चुकते कारण गट केला की पहिल्यांदा ट्रॅक्टरच घ्यायचा असतो. मग डिझेल कुणी टाकलं, ड्रायव्हर कुणाचा, हायड्रॉलिक कुणाच्या शेतात गेलं यावरून भांडणं. माझं म्हणणं, गटानं फक्त अवजार घ्यावं आणि ट्रॅक्टर भाड्यानं लावावा. आमच्या बारा जणांच्या गटानं बीबीएफ पेरणी यंत्र घेतलंय, सगळ्यांचं मिळून सोयाबीन ३५ एकर. यंत्र दिवसाला आठ-दहा एकर ओढतं म्हणजे चार दिवसात सगळ्यांचं उरकतं, आणि रुंद सरी-वरंब्यामुळं एकरी ३० किलोच्या जागी २२ किलो बियाणं पुरतं, पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं.

नंबर कुणाचा आधी यावरून वाद होतोच, त्याला आम्ही चिठ्ठी टाकत नाही. मुरमाड हलक्या रानाला वापसा एक-दोन दिवस आधी येतो, त्यांचं आधी, भारी काळ्या रानाचं मागून. ही यादी मे महिन्यातच लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो. मेंबरला एकरी २५० आणि बाहेरच्याला ४०० रुपये लावतो, त्यातून फण, चेन, बेअरिंग निघतं. यंत्र एकाच जणाच्या शेडमध्ये राहतं आणि ज्याच्या शेतात दिवस मावळला त्यानं खताची पेटी रिकामी करून पुसून द्यायची हा नियम आहे, कारण डीएपी आत राहिलं की ओल धरून दगडासारखं बसतं, नळ्या बंद होतात आणि पत्रा गंजतो.

अनुदान घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, महाडीबीटीवर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय यंत्राचं बिल करू नका, आधीचं बिल चालत नाही. आणि अनुदान खरेदीनंतर, तपासणी होऊन खात्यावर येतं, तोवर पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. बारा जणांनी वाटून घेतली तर ती झेपते, एकट्याला पुन्हा सावकार बघावा लागतो.

हार्वेस्टर मात्र गटाच्या पण आवाक्याबाहेर आहे, तो भाड्याचाच बरा.

तुम्हाला एक विनंती आहे, दरवर्षी मे महिन्यात तालुक्यातालुक्यातले नांगरट, रोटा, पेरणी आणि मळणीचे चालू रेट बाजारभावासारखे छापा. शेजारच्या गावात काय रेट चाललाय हेच माहीत नसतं म्हणून ऐन वापशात मागेल ते द्यावं लागतं.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर