‘एकही रुग्ण नाही’ या वाक्याबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुठल्याशा शहराच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला की बातमीचा शेवट ठरलेला असतो : ‘मात्र अद्याप एकही रुग्ण आढळलेला नाही.’ वाचणारा सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि पान उलटतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. हे वाक्य खोटे नसते, पण पोलिओच्या बाबतीत त्यातून जो अर्थ निघतो तो जवळजवळ उलटा असतो, म्हणून हे पत्र.

पोलिओ म्हणजे लुळा पाय, हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. विषाणूच्या दृष्टीने मात्र लुळा पाय हा अपघात आहे. त्याचे खरे घर आतडे. तो तोंडावाटे शरीरात शिरतो, घशात आणि आतड्याच्या भिंतीतल्या लसिका-ऊतींत वाढतो आणि विष्ठेतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. घशातूनही पडतो, पण आठवडा-दोन आठवडेच. नीट न धुतलेले हात, दूषित पाणी, रांगणाऱ्या मुलांनी एकमेकांच्या तोंडात घातलेली खेळणी, एवढ्यावर त्याचे भागते. ज्याच्या आतड्यात तो वाढतो आहे ते मूल बहुतेक वेळा हसतखेळत असते. फार तर दोन दिवस ताप आणि घसादुखी.

मग पाय कुणाचा जातो? आतड्यातून रक्तात, आणि रक्तातून मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींपर्यंत विषाणू पोहोचला तरच. या वाटेवर अडथळे बरेच आहेत. रक्तातली प्रतिपिंडे त्याला गाठतात. इतर ऊतींमध्ये पेशींनीच सोडलेले इंटरफेरॉन नावाचे प्रथिन त्याची वाढ दाबून धरते. मज्जासंस्थेत शिरणे तर आणखी अवघड. म्हणूनच पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ने साधारण दोनशे लसविरहित मुलांना संसर्ग झाला, तर पांगळेपणा एखाद्यालाच येतो. टाइप २ मध्ये हे प्रमाण दोन हजारांत एक इतके खाली जाते. पांगळेपणा आलाच, तर त्याची ओळखही याच पेशींमुळे ठरते. पाय एकाएकी ढिला पडतो, बहुधा एकाच बाजूचा, पण टाचणी टोचली तर मूल कळवळते, कारण संवेदना नेणाऱ्या पेशींना काही झालेले नसते.

एक जुने निरीक्षण मी वर्गात नेहमी सांगत असे. १९५०च्या सुमारास ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की साथ चालू असताना एखाद्या मुलाला दुसऱ्याच कुठल्या रोगाची लस दंडात किंवा मांडीत टोचली, तर पुढच्या काही आठवड्यांत कधीकधी नेमका तोच हात किंवा पाय लुळा पडतो. दोष त्या लशीचा नव्हता. विषाणू मुलाच्या रक्तात आधीच फिरत होता. सुईने दुखावलेल्या स्नायूतून त्याला मज्जातंतूच्या आतून थेट वर चढायची वाट मिळाली.

आता ‘एकही रुग्ण नाही’ हे वाक्य पुन्हा वाचा. दोनशेतला एक दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि सगळ्यांनी इंजेक्शनची लस घेतली असेल, तर तो एकही दिसणार नाही, मग विषाणू हजारो घरांत का फिरत असेना.

इस्रायलमध्ये २०१३ साली हेच झाले. तिथे २००५पासून मुलांना फक्त इंजेक्शनची लस मिळत होती आणि लसीकरण उत्तम होते, नव्वद टक्क्यांच्या वर. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडच्या राहत आणि बीरशेबा या शहरांच्या भागातल्या सांडपाण्याच्या नमुन्यांत रानटी, म्हणजे लशीतून न आलेला, टाइप १ विषाणू सापडला. एकदाच नव्हे, महिनोन् महिने सापडत राहिला. मुलांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा विषाणू बाहेर टाकणारी बहुतेक मुले दहा वर्षांखालची, इंजेक्शन घेतलेली, धडधाकट निघाली. पांगळेपणाची नोंद? शून्य.

‘सर, लस घेतलेल्या मुलाच्या पोटात विषाणू वाढतोच कसा?’ असे दरवर्षी कुणीतरी विचारायचेच. उत्तर एवढेच, की इंजेक्शनमध्ये मारलेला विषाणू असतो आणि तो स्नायूत जातो. त्यातून रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात आणि मज्जारज्जूकडची वाट बंद होते. आतड्याच्या अस्तरावर मात्र पहारा बसत नाही, कारण आतड्याने तो विषाणू कधी पाहिलेलाच नसतो. अशा मुलाच्या घशातून विषाणू कमी पडतो, विष्ठेतून मात्र पडतच राहतो. (स्वीडनसारख्या देशाने केवळ इंजेक्शनवर पोलिओ घालवला, हे खरे आहे. पण जिथे स्वच्छता चोख असते तिथे विषाणूला घशाच्या वाटेवरच जास्त विसंबावे लागते.)

तोंडी थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात खऱ्या विषाणूसारखाच वाढतो, त्यामुळे पहारा नेमका तिथेच बसतो. इस्रायलने ऑगस्ट २०१३पासून दहा वर्षांखालच्या मुलांना थेंब पाजले, तेही निदान एक इंजेक्शन आधी झालेले असेल तरच. २०१४ सालात सांडपाण्यात तो विषाणू मिळायचा थांबला.

इंजेक्शनची ती अट उगाच नव्हती. थेंबांतला विषाणू जिवंत असल्याने सुमारे २७ लाख डोसांमागे एखाद्याला त्याच्यामुळेच पांगळेपणा येतो. रक्तात आधी प्रतिपिंडे असली की हा धोका जवळपास उरत नाही. दुसरा धोका वस्तीचा. लसीकरण अपुरे असेल, तर हा दुबळा विषाणू एका पोटातून दुसऱ्या पोटात जात राहतो आणि वर्षभर असा फिरला, की बदलत बदलत पुन्हा ताकद कमावतो. टाइप २चा यात पहिला नंबर. रानटी टाइप २ संपल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये टाइप २चा दुबळा विषाणू जगभरच्या नेहमीच्या थेंबांतून काढून टाकला, तरीही त्याच्या लसजन्य साथी थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या रॉकलंड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला पांगळेपणा आला, तो याच जातीच्या विषाणूमुळे. अमेरिकेत २०००पासून फक्त इंजेक्शनच दिले जाते. म्हणजे विषाणू बाहेरून आला होता. त्या भागातल्या सांडपाण्याचे जुने नमुने काढून तपासले, तर तो त्या तरुणाच्या आजाराच्या आधीपासून तिथे होता. टाइप २चे प्रमाण लक्षात घेता, त्या एका रुग्णामागे न दिसलेले किती असतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तेव्हा एक विनंती. अशी बातमी पुढच्या वेळी छापताना आपल्या वार्ताहरांनी अधिकाऱ्यांना रुग्ण किती, एवढेच विचारून थांबू नये. विषाणू रानटी की लसजन्य, टाइप कोणता, नमुना एकदाच सापडला की लागोपाठ, तिथल्या मुलांना थेंब मिळतात की फक्त इंजेक्शन, आणि एकही डोस न झालेली मुले किती, हेही विचारावे. दोन ओळी वाढतील, पण ‘एकही रुग्ण नाही’ म्हणजे नेमके काय, ते वाचकाला कळेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक