रिकाम्या खोक्याचा पुरावा मागितला, तर कुठे चुकले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात म्हापशाच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. खोका रिकामा निघाल्याचे ग्राहकाने कळवले, तर विक्रेत्याने निमूटपणे पैसे परत करावेत, फोटो आणि वजन मागत बसणे म्हणजे ग्राहकाला चोर ठरवणे, असे त्यांचे म्हणणे. काल दिवसभर काजूगर निवडताना तेच डोक्यात घोळत होते. रात्री जेवणे आटोपली आणि लिहायला बसले.

आम्ही सत्तरी तालुक्यातले. भाट आमचेच, बिया आमच्याच. मार्च ते मे हंगाम, आणि पुढे वर्षभर काजूगर आणि सोलां कुरियरने पाठवतो. माणसे तीन: मी, यजमान आणि सून. मोठ्या कंपन्यांना एक खोका गेला काय, राहिला काय, काही वाटत नसेल. आमचे तसे नाही. दोन किलो काजूगर म्हणजे आमच्या घरातल्या बायकांचे कितीतरी तासांचे फोडणे आणि सोलणे. चिकाने बोटे काळी पडतात ती वेगळीच.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका गृहस्थांनी अर्ध्या किलोची चार पाकिटे मागवली. पैसे आगाऊ भरले. खोका गुरुवारी पोचला. शनिवारी रात्री त्यांचा निरोप आला: खोका रिकामा आहे, उद्यापर्यंत पैसे परत करा, नाहीतर सगळीकडे लिहीन. सोबत एक फोटो. वरून काढलेला, आत नुसता खोक्याचा तळ. पत्त्याचे लेबल नाही, चिकटपट्टी दिसत नाही, खोका आमचा की दुसऱ्या कुणाचा तेही कळत नाही.

सून म्हणाली, "आई, देऊन टाकूया, वाईट लिहिलं तर हंगाम जाईल." मी म्हटले, आधी नीट उत्तर लिहू. ते उत्तर इथे जसेच्या तसे देते, कारण परवाच्या पत्रलेखकांना वाटते तसा अपमान त्यात कुठे आहे ते वाचकांनीच सांगावे.

"नमस्कार सर. आपल्याला रिकामा खोका मिळाला असेल तर त्याची भरपाई आम्ही करू, त्याची काळजी नसावी. त्याआधी वाटेत काय झाले ते शोधायला आपली मदत हवी. खोका, आतला कागद, चिकटपट्टी यातले काहीही टाकू नका. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो पाठवा, लेबल वाचता येईल असे. वरची आणि खालची चिकटपट्टी जवळून दाखवा. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर खोका आतल्या कागदासकट त्यावर ठेवून आकडा दिसेल असा फोटो काढा. पार्सल कुणी घेतले आणि ओटीपी कुणी सांगितला तेवढे लिहा. खोका उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तम, नसला तरी चालेल. कुरियरकडे तक्रार आम्ही आजच नोंदवतो. आपले फोटो आल्यापासून सात दिवसांत काय ते कळवू."

एकेका गोष्टीमागे कारण आहे. आमच्या त्या खोक्याचा हिशेब असा: काजूगर दोन किलो, चार पिशव्या मिळून पन्नासेक ग्रॅम, खोका आणि पट्टी २१० ग्रॅम, आत भरलेला कागद पन्नास ग्रॅम. एकूण २ किलो ३१० ग्रॅम. वाळपईत पार्सल देताना तेवढेच भरले, पावतीवर छापले आहे. पुढे कुरियरच्या मोठ्या केंद्रांवर ते पुन्हा काट्यावर चढते. विक्रेत्याच्या प्रेमापोटी नव्हे, भाडे ठरवायला. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक कुरियरवाले ५००० ने भागतात, आणि तो आकडा व खरे वजन यांत जे जास्त त्यावर भाडे लावतात. आपण कमी लिहिले असेल तर फरक वसूल करतात. म्हणजे वजनाची नोंद त्यांच्याच पैशांसाठी होते आणि मागितली तर मिळते. आमचा खोका ठाण्याच्या केंद्रावर गुरुवारी सकाळी २ किलो ३०० ग्रॅम भरला होता. रिकामा खोका तिथे २६० ग्रॅम भरला असता.

चिकटपट्टीचेही तसेच. पुठ्ठ्यावर एकदा बसलेली पट्टी ओढून काढली की पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. चोराने खोका उघडून पुन्हा बंद केला, तर एकतर जुन्या पट्टीवर दुसरी पट्टी दिसते, नाहीतर पट्टीखाली पुठ्ठा खरवडलेला दिसतो. म्हणून सहा बाजू. चोर बहुधा खालून उघडतो आणि ग्राहक वरचाच फोटो पाठवतो.

दोन दिवसांनी त्या गृहस्थांचे फोटो आले. खालची पट्टी अखंड. वरची आमची नाव छापलेली पट्टी मधोमध, सुरीने सरळ एका रेषेत कापलेली, कडेला पुठ्ठा कोराच. दुसरी पट्टी कुठेच नाही. वजन २५० ग्रॅम. पार्सल स्वतः घेतले, ओटीपी स्वतः सांगितला, आणि "हातात घेतल्यावरच हलके लागले" असेही लिहिले. हलके लागले होते तर ओटीपी सांगण्याआधी पार्सल आणणाऱ्या पोराला थांबवता आले असते. नंतर दोन दिवस गप्प का राहिले, हेही मी त्यांना विचारले नाही.

इथे मी एक गोष्ट कबूल करते. एवढ्यावरूनही ते खोटे बोलतात हे सिद्ध होत नव्हते. सकाळच्या काट्यापासून त्यांच्या दारापर्यंतचे काही तास उरतातच, आणि त्या तासांत खोका एकाच माणसाच्या ताब्यात होता. पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या. तसा संशय घेतला तरी पट्टी न उखडता चार पाकिटे कशी काढली, हा प्रश्न राहतोच. पण कुरियरच्या कार्यालयात इतका विचार कोण करतो? त्या पोराचा मला फोन आला. माझ्या तक्रारीवरून त्याला विचारणा झाली होती. "मॅडम, पार्सल जड होतं, मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं. आता पगारातून कापणार म्हणतात." आवाज रडवेला. परवाच्या पत्रलेखकांनी ग्राहकाच्या अपमानाबद्दल लिहिले, या पोराबद्दल एक ओळ लिहिली नाही. आम्ही मुकाट्याने पैसे दिले असते आणि कुरियरकडून भरपाई मागितली असती, तर चोरीचा शिक्का कुणावर बसला असता?

मी गृहस्थांना पुन्हा लिहिले. ठाण्याच्या केंद्रावरचे वजन आणि पट्टीचे फोटो जोडले. शेवटच्या काट्यानंतर माल गेला असेल तर ती चोरी आहे, आम्ही पोलिसांत लेखी तक्रार देणार, त्यात आपला जबाब लागेल, खोका जपून ठेवा, एवढेच लिहिले. धमकी नव्हती, तसे मी खरेच करणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले: घरच्यांनी पाकिटे काढून दुसरीकडे ठेवली होती, मला माहीत नव्हते, विषय संपवा. माफीचा शब्द नाही. मी पहिला फोन त्या पोराला केला आणि मग कुरियरकडची तक्रार मागे घेतली.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी ग्राहकांच्या विरुद्ध आहे असे वाटेल. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका बाईंना खरेच जवळजवळ रिकामा खोका मिळाला. चारपैकी एकच पाकीट. त्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता. पण त्यांनी पाठवलेल्या फोटोत तळाला आमच्या पट्टीवर साधी तपकिरी पट्टी आडवी मारलेली होती, आणि कुरियरची नोंद मागवली तर वाटेतल्या एका केंद्रानंतर वजन २ किलो ३०० वरून ८०० ग्रॅमवर आलेले. त्याच संध्याकाळी आम्ही पैसे परत केले. कुरियरने आम्हाला जे दिले ते मालाच्या किमतीच्या जवळपासही नव्हते, कारण पार्सलचा विमा काढला नव्हता. तो तोटा आमचा, बाईंचा नव्हे. पुरावा मागितला म्हणून त्या बाईंचा अपमान झाला नाही, उलट त्यांचे म्हणणे एका दिवसात खरे ठरले. आजही त्या दर दिवाळीला मागवतात.

कायद्याने पैसे लगेच परत करावे लागतात, हेही पत्रलेखकांनी चुकीचे लिहिले आहे. ऑनलाइन विक्रीसाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० सालचे आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचे, असे त्यांत आहे. तो महिना चौकशीसाठीच असतो. पण काही विक्रेते "व्हिडिओ नसेल तर परतावा नाही" असे खोक्यावरच छापतात, तेही मला मान्य नाही. प्रत्येक म्हातारी बाई एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन खोका उघडणार आहे का? व्हिडिओ हा एक पुरावा झाला, एकमेव नव्हे. विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहकाने १९१५ वर फोन करावा. आम्हालाही तिथे कागद दाखवता येतील.

आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. हा सगळा हिशेब काट्यावर उभा आहे. आमच्या भागातल्या पार्सल घेणाऱ्या एका दुकानातल्या काट्यावर वजन-माप खात्याचा चालू वर्षाचा शिक्काच नाही. आमच्या घरच्या काट्याचे मात्र आम्ही दरवर्षी शिक्कामोर्तब करून घेतो. त्या दुकानात तेच पार्सल एकदा २ किलो ३१० आणि दहा मिनिटांनी २ किलो ४२० भरले. विचारले तर म्हणे, पंखा चालू आहे. शिवाय पावतीचा कागद असा की पावसाळ्यात दोन महिन्यांत अक्षरे उडून कोरा होतो. मी आता प्रत्येक पावतीचा त्याच दिवशी काट्याच्या आकड्यासकट फोटो काढून ठेवते. खात्याच्या निरीक्षकांनी एकदा या दुकानांतून फिरून यावे, ही विनंती.

गेल्या वेळी माझे पत्र अर्धे कापून छापले होते. या वेळी कापायचेच असेल तर दुसरे काहीही कापा, पण ग्राहकाला लिहिलेले उत्तर आणि त्या पोराचा फोन तेवढा राहू द्या.

आपली,
एक काजू विक्रेती
वाळपई, सत्तरी