निकालाआधीचे आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

काल उद्यमबागेतील कारखान्यात माझी मुलाखत झाली. निकाल महिनाअखेरपर्यंत कळेल. तो काहीही लागला तरी तुमचे आभार तेवढेच राहणार असल्याने वाट न पाहता हे पत्र लिहितो आहे.

यापूर्वी काही जणांनी ‘बायोडाटा पाठव, बघतो’ म्हणून नंतर फोन उचलणेच बंद केले. एका गृहस्थांनी तो पुढे दिला खरा, पण कोणाकडे दिला आणि माझ्याविषयी काय सांगितले, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. तुम्ही मात्र शिफारशीचा मजकूर पाठवण्याआधी मला फोनवर सावकाश वाचून दाखवलात आणि ‘यात काही जास्तीचे वाटते का, सांग’ असे विचारलेत. त्यात ‘मेहनती, होतकरू’ असले नेहमीचे शब्द नव्हते. पातळ भिंतीच्या बुशमधला दोष मी कसा पकडला, हे होते आणि लगेच पुढे ‘कन्नड चांगले बोलतो, लिहिताना अडखळतो’ हेही होते.

मुलाखतीत नेमके तेच निघाले. साहेबांनी टेबलावर बुश ठेवून विचारले, ‘बोअर गेजवर माप सगळीकडे बरोबर येते, तरी पिन आत जात नाही, असे का?’ मी सांगितले की थ्री जॉ चकमध्ये पातळ बुश जास्त दाबाने धरला, तर तो तीन ठिकाणी आत दबतो. त्या स्थितीत बोअर गोल कापले जाते, परंतु जॉ सैल होताच भिंत मूळ जागी परतते आणि बोअरचा आकार तिकोनी होतो. समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजणाऱ्या गेजला हे दिसत नाही, कारण एकीकडच्या फुगवट्यासमोर दुसरीकडचा आत आलेला भाग येतो. प्लग गेज मात्र अडकतो. उपाय म्हणून चकचा दाब कमी करणे आणि बुशच्या बाहेरच्या मापाला कापलेले सॉफ्ट जॉ वापरणे, हे दोन्ही सांगितले.

कन्नडचा विषय त्यांनी स्वतःच काढला. ‘तुमच्या काकांनी आधीच लिहिले आहे, शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत चालेल,’ असे ते म्हणाले. जी गोष्ट मला संकोचून सांगावी लागली असती, ती तुमच्या एका ओळीमुळे दोन वाक्यांत मिटली. आपल्या शब्दाची पत राखण्यासाठी उमेदवाराची उणीवही लिहिणारी माणसे आमच्या खानापूर भागात मी तरी फार पाहिलेली नाहीत.

एक विनंती आहे. निकालासाठी कृपया त्यांना फोन करू नये. त्यांनी आपणहून विचारले, तर जे पाहिले आहे तेवढेच सांगावे. होकार असो वा नकार, त्याच दिवशी मी तुम्हाला कळवीन.

आपला कृतज्ञ,
तुमच्या जुन्या शॉपमधला इन्स्पेक्टर