कापलेला परिच्छेद

नाशिक, सोमवार

प्रिय वश्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक आहे, साखर जिथे होती तिथेच आहे, सुमनचा खांदा धरतो.

काल माझं सदर संपलं. 2003 च्या कुंभमेळ्यात सुरू केलेलं, 22 वर्षं चाललं. तुला कुणी कळवलं असेलच, पण जे झालं ते कुणी कळवलं नसणार. ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचंही नाही.

मी निरोपाचा लेख 710 शब्दांचा पाठवला. जागा 650 ची. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जास्त लिहिलं, म्हटलं जाणाऱ्या माणसाला साठ शब्द माफ असतात. गुरुवारी पान लागलं, मी स्वतः नजर टाकली, सगळं बसलं होतं. शुक्रवारी रात्री खालच्या कोपऱ्यात एका मंगल कार्यालयाची जाहिरात आली. पानावर बसलेल्या पोराने लेख खालून कापला. शेवटचा परिच्छेद पूर्ण गेला.

पोराला काय बोलणार? खालून कापायला त्याला मीच शिकवलंय. बातमीत महत्त्वाचं वर असतं, म्हणून जागा कमी पडली की शेपूट उडवायची, डोकं शाबूत राहतं. पण सदराचं उलटं. तिथे माणूस सगळा लेख शेवटाकडे ढकलत नेत असतो, शेपटीतच जीव. हे त्याला सांगायचं राहिलं. 22 वर्षांत वेळ मिळाला नाही म्हण.

आता गंमत ऐक. कापण्याच्या वरचं वाक्य होतं : ‘जाता जाता मला एक कबुली द्यायची आहे.’ त्यावर पूर्णविराम, खाली चौकटीत ‘हे सदर आज समाप्त होत आहे’, आणि त्याखाली मंगल कार्यालय.

सकाळी साडेसातपासून फोन. सिडकोतल्या एका वाचकाने विचारलं, कोणत्या पक्षात चाललात? पंचवटीतल्या एक बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलंच होतं, तुमचे लेख तुमची मिसेस लिहितात. सुमनने चहाचा कप ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘कोण ती?’ तू असतास तर तिला दोन नावं सुचवून मोकळा झाला असतास.

कबुली कसली होती ते तू ओळखलं असशील. 2008 चा गोदावरीचा पूर.

आठवतंय ना, होळकर पुलाच्या तोंडाशी आपण दोघं उभे होतो. सराफ बाजारातून, भांडी बाजारातून पाणी आत गेलेलं आणि लोक फक्त दुतोंड्या मारुतीची चौकशी करत होते : कमरेला लागलं का, छातीला लागलं का. रात्री मी लेख लिहिला. मला दोन आकडे मिळाले होते. एक गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा, दुसरा होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा. दुसरा कितीतरी मोठा. मी वजाबाकी केली आणि मधलं पाणी लपवलं म्हणून धरणावरच्या लोकांना खोटं ठरवलं. शिवाय पुलावर पुराची पट्टी वाचणाऱ्या माणसाची टिंगल केली, ‘डोळे मिटून वाचणारा’. शब्द माझेच, अजून तोंडपाठ आहेत.

तू त्याच संध्याकाळी म्हणाला होतास, ‘दोन पासबुकांची वजाबाकी करतोयस, तारखा जुळतात का बघितलंस?’ मी म्हटलं, बँकेतल्या माणसाने पुरात पडू नये. आठ महिने आपण बोललो नाही. बोललो ते तुझ्या आईच्या दहाव्याला, तेही गंगेवरच.

मग ते पोस्टकार्ड आलं. हिरव्या शाईचं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंत्याचं. किती शांतपणे लिहिलं होतं त्यांनी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. तो वाहण्याचा वेग आहे, साठा नव्हे. समजा धरणातून 10 हजार सोडले आणि पुलाखाली 25 हजार भरले, तर मधले 15 हजार कुणी लपवलेले नसतात. ते धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं पाणी, आळंदी नदीचं, ओढ्यांचं, शहरातल्या गटारांचंही. त्याला धरण नाही, दरवाजा नाही, कुणी सोडायचं म्हणून ते येत नाही. शिवाय धरणातलं पाणी पुलापाशी यायला वेळ लागतो, म्हणून एकाच घटकेचे दोन आकडे समोरासमोर ठेवायचेच नसतात. आणि पुलावरचा माणूस क्युसेक वाचतच नाही. तो पट्टीवर पाण्याची उंची बघतो, त्या उंचीला किती क्युसेक हे तक्त्यात पाहतात. शेवटी एक ओळ : ‘आकडा चुकला तर तक्त्याला विचारा, त्या माणसाला नको.’

म्हणजे तुझ्या तारखा. फक्त त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि तू टोमणा मारलास. (तुझा हा दोष अजून गेलेला नाही.)

कार्ड आलं तेव्हाच खुलासा छापायला हवा होता. खुलाशाला काय लागतं? अमुक तारखेच्या लेखात अमुक छापलं, ते बरोबर नाही, बरोबर हे. तीन ओळी. पण तो लेख गाजला होता रे. दुकानदार हात मिळवत होते, एकाने तर कापून गल्ल्यावर चिकटवला होता. पुढच्या रविवारी करू म्हटलं. मग गणपती, मग दिवाळी अंक. नंतर पुस्तक निघालं तेव्हा तो लेख जसाच्या तसा आत गेला, पहिल्या दहांत. तेव्हाही गप्प बसलो. दर रविवारी पुढचा रविवार असायचा, हीच सोय होती.

आता पुढचा रविवार नाही.

पट्टीवाला एकदा भेटला होता, रविवार कारंजावर, पानाच्या टपरीशी. मला ओळखून म्हणाला, ‘साहेब, मी रात्रभर तिथंच होतो.’ आणि सुटे पैसे घेऊन गेला. हे तुलाही सांगितलं नव्हतं.

संपादकांना फोन केला. कापलेला परिच्छेद ई-पेपरवर तरी टाका म्हटलं. ते म्हणाले, राहू द्या हो, वाचकांना उत्सुकता राहील. मग ठरवलं, ‘वाचकांची पत्रे’मध्ये पाठवायचं, साधा वाचक म्हणून, पूर्ण नाव-पत्त्यासह. तिथे मर्यादा 150 शब्दांची. काल रात्रीपासून तीन मसुदे झाले, सगळ्यात छोटा 212 चा. तुझं नाव काढलं तर 190 होतात, पण तुझं नाव काढणार नाही. माझी शैली काढली तर 150 आरामात होतील, असं सुमनचं मत.

मनूच्या लग्नाची तारीख कळव, हॉलचं नाव मात्र सांगू नकोस. गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन नको म्हणतोस ते कळलं, पण जिने चढून गच्चीवर कबुतरं हाकायला जातोस हेही कळलं.

आणि एक काम. ते हिरव्या शाईचं कार्ड भांडण मिटलं त्या दिवशी तू खिशात टाकलंस, ‘पुरावा’ म्हणून. ते शोध. त्या गृहस्थांचं नाव मला नीट आठवत नाही आणि पत्रात ते हवंच. दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, पत्ता मागच्या बाजूला आहे. बुधवारपर्यंत. पान गुरुवारी लागतं.

तुझा,
अण्णा

ता.क. कार्ड हरवलं असेल तर आधी तसं सांग, मग कारणं.