फणसवाल्या आज्जींना

आज्जी,

सा. नमस्कार. तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील. गेल्या मे महिन्यात जांबोटी रस्त्यावर तुमच्या गऱ्यांशेजारी मी जांभळं मांडली, तेव्हा जागेवरून तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. पहिले आभार त्याचेच.

पहिल्या दिवशी आईकडून पैसे घेऊन मी 60 रुपये किलोनं 20 किलो जांभळं आणली. दर लावला 100. संध्याकाळी 1400 रुपये जमले आणि आपण खूप कमावलं असं वाटून मी लगेच 200 चा रिचार्ज मारला. तुम्ही हाक मारलीत, "लेकरा, गल्ला म्हंजे नफा न्हवं. मुद्दल बाजूला काढलास?"

मग तुम्ही पाटीखालच्या 14 आठळ्या ओळीनं मांडल्या, शंभराला एक. बारा उचलल्या, ही जांभळांची. एक गाडीभाड्याची. उरलेल्या एकीतून कागदी पिशव्यांचे 40 गेले. हातात उरले 60 रुपये, आणि मी तर 200 उडवले होते. म्हणजे 140 रुपये आईच्या मुदलातले. ती एकटी आठळी बघून मला रडू आलं.

पैसे गेले कुठं, तेही तुम्हीच दाखवलंत. पूर्ण दरानं फक्त 12 किलो खपली होती. तीन किलो तळाशी दबून फुटली. किलोभर चव दाखवण्यात आणि वजनावर मूठभर जास्त टाकण्यात गेली. उरलेली चार अंधार पडल्यावर निम्म्या दरात दिली. ते निम्म्यात देणं चूक नव्हतं, असं तुम्ही म्हणालात, कारण जांभूळ सकाळपर्यंत टिकत नाही. चूक झाली ती उशीर करण्यात. गोव्याकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात तेव्हाच, चारच्या सुमाराला, दर उतरवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी 12 किलोच आणली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे न धुता, सावलीत पानांवर पातळ पसरली आणि मऊ झालेली पुढं ठेवली, आधी खपावीत म्हणून. किलोभर वाया गेली, नऊ किलो 100 नं आणि दोन 70 नं गेली. जमले 1040, खर्च 850. कमी माल आणून 190 रुपये सुटले! रात्री आईला ते दाखवताना मी तुमचंच नाव घेतलं.

वळीव आला तेव्हा झाडावरचीच जांभळं फुटली आणि चार दिवस माझी पाटी रिकामी राहिली. त्या दिवसांत तुम्ही मला गरे सोलायला बसवलंत आणि मजुरी दिलीत, तेही मी विसरलो नाही.

तुम्ही दिलेल्या दोन कापडी पिशव्या अजून वापरतो. लाल पिशवीत मुद्दल, पांढरीत नफा. आईचे 140 मी तिसऱ्या दिवशी पांढरीतूनच फेडले. यंदा करवंदंही आणणार आहे. द्रोणाला किती दर लावायचा, ते आठळ्या मांडून तुम्हालाच विचारीन.

तुमचा,
शेजारचा जांभूळवाला